कामगार कपातीमुळे सेवासमाप्ती व अंतिम हिशोबाचे पत्र

दिनांक : ३१ ऑगस्ट २०२४
स्थळ : भोसरी, पुणे

प्रति,
श्री. सुनील जाधव,
मशीन ऑपरेटर, कार्ब्युरेटर विभाग

स. न. वि. वि.

आज कामाची वेळ संपल्यावर कामगार कपातीमुळे आपली सेवा समाप्त होत आहे. आपल्या कामाबद्दल वा वर्तणुकीबद्दल कंपनीची कोणतीही तक्रार नाही. सेवा प्रमाणपत्रातही तसेच लिहिले आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. त्यानंतर आपला विभाग फक्त सुट्या भागांच्या मागणीवर चालला. मुख्य ग्राहकाने मार्चनंतर तीही थांबवली, म्हणून विभाग बंद करावा लागत आहे. कारखान्यातील १४ मशीन ऑपरेटरांपैकी सेवेने सर्वांत कनिष्ठ ५ जणांना कमी केले आहे. १९ ऑगस्टला सूचना फलकावर लावलेल्या ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक ११ आहे.

आपली सेवा १० जून २०१३ पासूनची, म्हणजे पूर्ण ११ वर्षांची. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-फ प्रमाणे दर वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देय आहे. मासिक वेतन २३,४०० रुपये. कंपनीने ते ३० ऐवजी २६ ने भागले आहे, म्हणजे दिवसाचे ९०० रुपये. त्यानुसार नुकसानभरपाई १,४८,५०० आणि नोटिशीऐवजी एका महिन्याचे वेतन २३,४००, असे एकूण १,७१,९०० रुपये आजच आपल्या पगार खात्यात जमा केले आहेत. ही रक्कम सेवासमाप्तीच्या वेळीच मिळणे हा आपला हक्क आहे; तिच्यासाठी कोणत्याही ‘मागणी नाही’ पत्रावर सही करायची नाही.

ऑगस्टचा पगार २३,४०० व शिल्लक १८ दिवसांच्या हक्काच्या रजेचे १६,२०० रुपये; त्यातून भविष्य निर्वाह निधीचे २,४९६ व व्यवसाय कराचे २०० वजा जाता ३६,९०४ रुपये सोमवारी, २ सप्टेंबरला जमा होतील. ग्रॅच्युइटी मूळ वेतन व महागाई भत्त्यावर (२०,८०० ÷ २६ × १५ × ११) १,३२,००० रुपये होते. ती २७ सप्टेंबरपर्यंत मिळेल. २०२३-२४ चा बोनस ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, तर चालू वर्षाच्या पाच महिन्यांचा ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत. तोवर बँक खाते बदलल्यास जरूर कळवा.

पीएफच्या पोर्टलवर सेवासमाप्तीची तारीख कंपनी भरेल. ती दिसल्याशिवाय दावा करू नका, तो परत येतो. आपली पेन्शनपात्र सेवा १० वर्षांहून अधिक असल्याने पेन्शनची रक्कम एकरकमी काढता येत नाही. त्यासाठी योजना प्रमाणपत्र घ्या.

कपातीची सूचना कामगार आयुक्त कार्यालयालाही पाठवली आहे. हा निर्णय मान्य नसल्यास आपण तेथे दाद मागू शकता; मिळालेले पैसे त्याआड येणार नाहीत. पुन्हा भरती झाली तर कलम २५-ह प्रमाणे आपल्याला आधी विचारले जाईल. त्यासाठी पत्ता व मोबाईल क्रमांक कार्यालयात नोंदवून ठेवा.

अकरा वर्षांच्या कामाबद्दल कंपनी आपली ऋणी आहे.

आपला,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

सोबत : हिशोबाचा तक्ता, सेवा प्रमाणपत्र