मुदत ठेवींच्या व्याजावर कर न कापण्याबाबत अर्ज व घोषणा

दि. ७ एप्रिल २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
धामणगाव रेल्वे, जि. अमरावती

विषय : आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी फॉर्म १५जी

महोदय,

माझ्या नावाने आपल्या शाखेत दोन मुदत ठेवी आहेत, एक ५ लाखांची आणि एक ४ लाखांची. समृद्धी महामार्गात आमचं वावर गेलं, त्याच्या मोबदल्यातला हा पैसा आहे. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६३,००० रुपये होतं. ते ५०,००० च्या वर जात असल्याने फॉर्म दिला नाही तर आपल्याला कर कापावाच लागेल, हे मला माहीत आहे.

म्हणून मी घोषित करते की या वर्षातलं माझं अंदाजे करपात्र उत्पन्न असं राहील : ठेवींचं व्याज ६३,०००, बचत खात्याचं १,२००, शिवणकामाचे २४,०००. एकूण ८८,२०० रुपये. ४ लाखांच्या मर्यादेच्या हे पुष्कळ खाली आहे, त्यामुळे माझ्यावर काहीच कर बसत नाही. उरलेल्या तीन एकरात पराटी आणि तूर आहे. ते शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने वरच्या बेरजेत धरलेलं नाही. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, पण या ठेवींत त्याचा एक रुपयाही नाही. दुसऱ्या कोणत्याही बँकेत किंवा पोस्टात मी हा फॉर्म दिलेला नाही.

आता मागच्या वर्षीचं. तेव्हा काउंटरवरून मला १५एच दिला गेला. तो साठी पूर्ण झालेल्यांचा, आणि माझं वय ५४. चूक जानेवारीत लक्षात आली, तोवर तीन तिमाह्यांचे १,५७५ प्रमाणे ४,७२५ रुपये कापले गेले होते. एक कपात म्हणजे माझ्या पंधरा ब्लाउजची शिलाई! कापलेली रक्कम बँकेतून परत मिळत नाही, विवरणपत्र भरा, असं सांगण्यात आलं. ते मी भरीनच. पण यंदा पहिल्या तिमाहीचं व्याज जमा व्हायच्या आत फॉर्मची नोंद संगणकात व्हावी, एवढ्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच आले आहे.

४ लाखांची ठेव नोव्हेंबरात आपोआप नूतनीकरण होते. पावतीचा क्रमांक बदलला तरी ही घोषणा तिलाही लागू धरावी, आणि नवा फॉर्म लागत असेल तर तेव्हाच फोन करावा. पॅन खात्याला जोडलेला आहे. तरी एकदा तपासून घ्यावा, कारण पॅन नसला तर १० ऐवजी २० टक्के कापतात.

फॉर्मच्या माझ्याकडच्या प्रतीवर तारखेचा शिक्का, सही आणि बँकेने दिलेला नोंद क्रमांक मिळावा. शिक्क्यासाठी मी थांबते.

वरील माहिती खरी आहे. खोटी घोषणा केल्यास आयकर कायद्याने शिक्षा होते, याची मला जाणीव आहे.

आपली विश्वासू,
श्रीमती कांता वसंतराव इंगळे
(खातेदार)

सोबत : सही केलेला फॉर्म १५जी, पॅनची झेरॉक्स, दोन्ही ठेव पावत्यांच्या झेरॉक्स