विषय: रविवारचं भाषण आणि एकच प्रश्न, छ २० रबिलाखर दोनदा आला तर?

नमस्कार मॅडम,

रविवारी डोंबिवलीत तुमचं जुन्या कागदांमधल्या तारखांवरचं भाषण ऐकलं. मी उजव्या बाजूला पंख्याखाली बसलो होतो, मध्येच माईक गेला आणि तुम्ही दहा मिनिटं तशाच बोललात ना, ती दहा मिनिटं सगळ्यात भारी होती कारण हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. नंतर भेटायचं होतं पण तुमच्याभोवती सह्या घेणाऱ्यांची गर्दी आणि मला ८.१२ ची लोकल, म्हणून मेल करतोय. उत्तर द्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मी अकाउंट्समध्ये आहे, इतिहासाशी शाळेनंतर काही संबंध नाही. तीन वर्षांपूर्वी गावी (संगमेश्वर तालुका) काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक रुमाल सापडला, त्यात सातआठ मोडी कागद होते, ते वाचता यावेत म्हणून शनिवारचा मोडीचा क्लास लावला. तुमचं पुस्तक तिथेच कोणीतरी दिलं आणि ते मी परत केलेलं नाही, आता विकत घेऊन त्यांना नवीन कॉपी देणार आहे. शब्द न तोडता सलग लिहिलेल्या ओळीत कुठे थांबायचं हे मला क्लासपेक्षा तुमच्या पुस्तकातल्या त्या दोन पानांवरून जास्त कळलं, जिथे तुम्ही आधी क्रियापदं शोधा आणि मग मागे या म्हणता.

तर त्या रुमालातला एक कागद छोटासा आहे, वीतभर, खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. आमच्या कुठल्यातरी पूर्वजाने 'किल्ले मजकूर' येथे भात पोचवलं त्याची पोच. वर सन 'सबा सबैन मया व अलफ', खाली 'छ २० रबिलाखर'. शके नाही, वार नाही, किल्ल्याचं नावही नाही, ते बहुतेक आधीच्या कागदात असणार आणि तो काही उरलेला नाही.

मी काय केलं, सात अधिक सत्तर अधिक शंभर अधिक हजार म्हणजे ११७७, त्यात ५९९ मिळवले, १७७६ आलं, झालं. १७७६ च्या जूनमध्ये आमच्याकडे कोणाचा अंमल होता हे बघितलं तर सदाशिवरावभाऊंचा तोतया! रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याच वर्षी त्याने कोकणातले किल्ले घ्यायला सुरुवात केली होती. मी लगेच फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की आपल्या पूर्वजाने तोतयाच्या लोकांना भात पुरवलं. काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आत्या म्हणाली भात मागायला बंदूक घेऊन कोणी दारात आलं तर तू काय करशील, द्यायचंच ना, आणि खरं सांगायचं तर आत्याचं म्हणणं मला जास्त पटलं.

पण रविवारी तुम्ही म्हणालात की शुहूर सन हा मृगसाल, तो मृगाला बदलतो, म्हणून ५९९ की ६०० हे महिना बघितल्याशिवाय ठरवू नका. तिथे माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर हिशोब केला आणि घरी येऊन जंत्रीशी ताडून बघितला. मुसलमानी वर्ष ३५४ दिवसांचं, मृगसाल ३६५ चं, म्हणजे दरवर्षी दहाअकरा दिवस असे उरतात की ज्यांची चंद्र-तारीख त्याच शुहूर सनात दोनदा येते, एकदा मृग लागल्यावर लगेच आणि एकदा पुढचा मृग लागायच्या थोडं आधी. आमचा कागद नेमका त्याच दहाअकरा दिवसांत अडकलाय! २० रबिलाखर ही एकदा ८ जून १७७६ ला येते आणि परत २८ मे १७७७ ला. मृग तेव्हा जूनच्या ४-५ तारखेच्या आसपास लागायचा, म्हणजे चंद्रदर्शनाचा एक दिवस इकडेतिकडे धरला तरी दोन्ही तारखा 'सबा सबैन' मध्येच बसतात. आमच्याकडे दोन मार्च एंड एकाच आर्थिक वर्षात आले असते तर ऑडिटरने जीव दिला असता.

आणि फरक बारीक नाहीये मॅडम. जून १७७६ धरलं तर भात गेलं ते तोतयाचं बंड जोरात असताना. मे १७७७ धरलं तर तोतयाला पुण्यात ठार करून पाच महिने होऊन गेलेले (डिसेंबर १७७६), म्हणजे तेच भात, तोच किल्ला, पण घेणारे पेशव्यांचे. एकाच ओळीवर आमचं घर बंडवाल्यांना भात देणारं की सरकारला हे ठरतंय, आणि काका रोज सकाळी विचारतात काय ठरलं म्हणून.

मला त्या कागदाचा निकाल तुमच्याकडून नकोय, तो माझा मी शोधतो. म्हणून फोटोपण जोडलेला नाही, तुम्हाला असे फोटो किती येत असतील याची कल्पना आहे. प्रश्न एवढाच:

चंद्र-तारीख एकाच शुहूर सनात दोनदा येत असेल तेव्हा ही पहिली की दुसरी हे कळावं म्हणून त्या काळचे कारकून कागदावर काही खूण किंवा जादा शब्द लिहायचे का, तुमच्या वाचनात असं कधी आलंय का?

'हो' किंवा 'नाही' एवढं एका शब्दात आलं तरी माझं काम होईल, कारण हो असेल तर मी वाळवीच्या त्या कोपऱ्याकडे नीट बघेन, तिथे 'लाखर' च्या पुढे एका अक्षराचं शेपूट दिसतंय, बोरूची शाई फुटलेली, ते मी आजवर डाग समजत होतो. नाही असेल तर डाग तो डागच. आणि तुम्ही कामात असाल, किंवा हे पुढच्या पुस्तकात येणार असेल आणि आत्ता सांगायचं नसेल, तर सोडून द्या. मी परत आठवणीची मेल करणार नाही, आणि पुढच्या भाषणाला येईन तेव्हा 'मेल मिळाली का' असंही विचारणार नाही, शप्पथ.

एक राहिलं. भाषणानंतर एका काकूंनी त्यांच्या घरच्या सनदेबद्दल विचारलं आणि तुम्ही म्हणालात 'मला हे आत्ता सांगता येणार नाही, कागद बघावा लागेल'. स्टेजवरून असं म्हणणारं माणूस मी कमी बघितलंय. ग्रुपवर १७७६ टाकायच्या आधी मीपण तेवढं म्हणायला हवं होतं. आता तिथे दुरुस्ती टाकलीय, '१७७६ किंवा १७७७, बघतोय'. काकांनी अंगठा दाखवलाय.

आपला,
पंख्याखाली वही घेऊन बसलेला अकाउंटवाला
डोंबिवली पूर्व