भाडेपट्टा करार, कलम 11: मिळकतकर आणि त्यातील वाढ

(पुणे शहर, सदाशिव पेठ, टिळक रस्त्यालगतच्या इमारतीतील तळमजल्यावरील दुकान ‘अ’, चटई क्षेत्र 620 चौरस फूट. मुदत 1 जून 2026 ते 31 मे 2031. मासिक भाडे रुपये 62,000. वापर: चष्म्याचे दुकान. या कलमात लिहून देणार यांस ‘मालक’ आणि लिहून घेणार यांस ‘भाडेकरू’ म्हटले आहे.)

11.1 इमारतीच्या तळमजल्यावर ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन दुकाने आहेत. दोन्हींची महापालिकेत बिगरनिवासी म्हणून एकाच मिळकत क्रमांकाखाली आकारणी होते आणि बिलही एकच येते. ‘ब’ दुकानात मालकांचा स्वतःचा स्टेशनरीचा व्यवसाय आहे. पहिल्या मजल्यावरील मालकांच्या राहत्या घराचा मिळकत क्रमांक वेगळा असून त्या बिलाशी भाडेकरूचा काहीही संबंध नाही. स्वतः राहत असल्याबद्दल घराला मिळणारी 40 टक्के सवलत उद्या कोणत्याही कारणाने गेली, तरी तो बोजा दुकानाच्या हिशेबात धरला जाणार नाही. बोलणीत हा मुद्दा दोनदा निघाला, म्हणून तो इथे लिहूनच ठेवला आहे.

11.2 ‘मिळकतकर’ म्हणजे वरील बिगरनिवासी मिळकत क्रमांकावर महापालिका दरवर्षी जे बिल काढते त्यातील सर्व कर: सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, मलनिस्सारण आणि पाणी या नावांखालील कर, तसेच महापालिका राज्य शासनासाठी वसूल करते ते शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. यांपैकी एखाद्याचे नाव बदलले किंवा त्याच बिलात नवा कर आला, तर तोही यात धरला जाईल. मीटरप्रमाणे येणारे पाण्याचे बिल यात नाही, त्यासाठी कलम 12 आहे. मागील थकबाकी, तिच्यावरील शास्ती, जप्तीचा वा नोटिशीचा खर्च यांपैकी काहीही मिळकतकर समजले जाणार नाही.

11.3 आर्थिक वर्ष 2026-27 हे मूळ वर्ष आहे. त्या वर्षाचे दोन्ही दुकानांचे मिळून बिल, सवलत वजा न करता, रुपये 1,80,000 आहे. या रकमेला ‘मूळ कर’ म्हटले आहे. मूळ कर ठरलेल्या भाड्यात आलेला आहे. तो मालक भरतील आणि त्यापोटी भाडेकरूकडे वेगळे काही मागणार नाहीत. बिलाची प्रत परिशिष्ट ‘क’ म्हणून जोडली आहे. 31 मार्च 2026 पर्यंतची थकबाकी शून्य असल्याची महापालिकेची नोंदही त्याच परिशिष्टात आहे. मिळकतकराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो, त्यामुळे जुनी बाकी पुढे निघाली तर तिचा त्रास दुकानात बसलेल्या माणसाला होतो. तशी बाकी निघाल्यास ती सर्वस्वी मालकांची.

11.4 1 एप्रिल 2027 पासून कोणत्याही वर्षाचे बिल मूळ करापेक्षा जास्त आले, तर वाढीव रकमेच्या 40 टक्के भाडेकरू देईल. दोन्ही दुकानांचे चटई क्षेत्र 1,550 चौरस फूट, त्यात ‘अ’चे 620, यावरून हे प्रमाण काढले आहे. ‘ब’ दुकान रिकामे राहिले, मालकांनी ते दुसऱ्याला दिले किंवा त्याचे क्षेत्र पुन्हा मोजले गेले, तरी भाडेकरूचा हिस्सा 40 टक्क्यांपेक्षा वाढणार नाही. बिल मूळ करापेक्षा कमी आले तर भाडेकरूचे देणे शून्य. भाडे मात्र त्यामुळे कमी होणार नाही.

तुलना दर वेळी मूळ वर्षाशी होईल, आदल्या वर्षाशी नाही. महापालिकेने करयोग्य मूल्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारणी सुरू केली, दर बदलले किंवा बिलाचा नमुना बदलला, तरी जुन्या बिलातील रुपये आणि नव्या बिलातील रुपये एवढेच पाहिले जाईल.

11.5 वाढ कशामुळे झाली यावर हिस्सा बदलतो.

(क) महापालिकेने दर वाढवले, नवा कर लावला किंवा सर्वसाधारण फेरआकारणी केली, तर 11.4 प्रमाणे 40 टक्के.

(ख) याच कराराचे भाडे पाहून महापालिकेने ‘अ’ दुकानाचे वार्षिक भाडेमूल्य वाढवले, तर त्या कारणाने झालेली वाढ उभयतांनी निम्मी-निम्मी सोसायची. भाडे मालकांच्या हाती येते, म्हणून त्यावरचा कर पूर्णपणे भाडेकरूवर टाकणे योग्य नाही. पण हा करार नोंदवल्याशिवाय भाडेकरूलाही मुदतीची हमी मिळत नाही. आकारणीच्या उताऱ्यावर ‘अ’ आणि ‘ब’ यांचे भाडेमूल्य वेगवेगळे दिसते. वाटणी त्या उताऱ्यावरूनच करायची, अंदाजाने नाही.

(ग) भाडेकरूने पोटमाळा घातला, काचा घासण्याच्या यंत्रासाठी मागची मोकळी जागा बंदिस्त केली, पुढे शेड काढली किंवा वापर बदलला आणि त्यामुळे कर वाढला, तर ती वाढ पूर्ण भाडेकरूची. मालकांनी लेखी परवानगी दिली असली तरी हेच लागू. बांधकाम अनधिकृत ठरून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली दुप्पट शास्ती लागली, तर तीही भाडेकरूची. बांधकाम काढून टाकल्याची नोंद महापालिकेत होईपर्यंत ही जबाबदारी चालू राहील.

(घ) मालकांनी इमारतीत कुठेही बांधकाम केले, गच्चीवर मोबाइलचा मनोरा किंवा जाहिरात फलक बसवू दिला किंवा ‘ब’ दुकान जास्त भाड्याने दिले म्हणून कर वाढला, तर भाडेकरूचा हिस्सा शून्य.

11.6 उदाहरण. समजा 2027-28 चे बिल रुपये 2,25,000 आले. वाढ रुपये 45,000. सगळी वाढ (क) प्रकारची असेल तर भाडेकरूचा हिस्सा रुपये 18,000. मालकांनी मुदतीत बिल भरून रुपये 4,500 सवलत मिळवली असेल, तर वाढ ही एकूण बिलाच्या 20 टक्के असल्याने सवलतीचे रुपये 900 वाढीच्या वाट्याला येतात. त्यांचे 40 टक्के म्हणजे रुपये 360 भाडेकरूला वजा मिळतील आणि त्याचे देणे रुपये 17,640 होईल.

त्याच रुपये 45,000 पैकी रुपये 12,000 (ख) प्रकारचे असतील, तर आधी ते बाजूला काढायचे. त्यांचे निम्मे रुपये 6,000, उरलेल्या रुपये 33,000 चे 40 टक्के रुपये 13,200, असे मिळून रुपये 19,200. सवलत वरच्यासारखीच वजा जाईल. हिशेबावर वाद झाला तर या दोन उदाहरणांची रीत धरायची.

11.7 मालक बिल सवलतीच्या मुदतीत भरतील. मुदत चुकली तर गेलेली सवलत आणि महापालिकेची दरमहा 2 टक्के शास्ती मालकांची. भाडेकरूचा हिस्सा आला नाही म्हणून बिल भरायचे राहिले, ही सबब चालणार नाही. आधी मालकांनी भरायचे, मग मागायचे.

मागणी लेखी असावी. तिच्यासोबत चालू वर्षाचे बिल, भरल्याची पावती, आकारणीचा उतारा आणि एका पानावर हिशेब जोडावा. नुसत्या फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर रक्कम कळवली तर ती मागणी धरली जाणार नाही, मात्र कागदांचे स्पष्ट फोटो दुकानाच्या नोंदलेल्या ईमेलवर पाठवले तर चालतील. मागणी मिळाल्यापासून 15 दिवसांत भाडेकरू निम्मी रक्कम देईल आणि उरलेली निम्मी त्याच वर्षी 10 ऑक्टोबरपर्यंत. उशीर झाल्यास थकलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का व्याज. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत मागणी केली नाही, तर त्या वर्षाचा हक्क मालकांनी सोडला असे समजले जाईल.

मालक जीएसटीखाली नोंदणीकृत असतील तोवर या हिस्स्यावर भाड्याच्याच दराने जीएसटी लागेल आणि तसे कर बीजक भाडेकरूला मिळेल.

11.8 हा हिस्सा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे करवाढीपोटीची अनुज्ञेय वाढ आहे. महापालिकेला प्रत्यक्षात भरलेल्या वाढीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येणार नाही. कलम 4 मधील वार्षिक भाडेवाढ काढताना आणि अनामत ठरवताना हा हिस्सा भाड्यात मिळवायचा नाही.

11.9 करयोग्य मूल्य वाढवण्याची नोटीस आली की मालक पाच दिवसांत तिची प्रत भाडेकरूला देतील. हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते आणि नोटीस टपालाच्या गठ्ठ्यात पडून राहिली तर भोगावे दोघांना लागते. भाडेकरूने लेखी सांगितल्यास मालक हरकत नोंदवतील आणि सुनावणीला भाडेकरूला सोबत नेतील. प्रत वेळेत दिली नाही आणि त्यामुळे हरकतीची मुदत गेली, तर त्या वाढीतील भाडेकरूचा हिस्सा त्या वर्षापुरता मागता येणार नाही. हरकत फेटाळल्यावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली अपील करायचे ठरले, तर वकिलाचा खर्च आणि आधी भरावी लागणारी वादग्रस्त रक्कम वाढीतील हिश्श्यांच्या प्रमाणातच दोघे देतील. अपिलात परतावा किंवा पुढील बिलात वळती मिळाल्यास भाडेकरूचा वाटा 30 दिवसांत परत करायचा, दरम्यान करार संपला असला तरीही.

11.10 मालकांनी बिल थकवले आणि महापालिकेची वसुलीची नोटीस दुकानावर लागली, तर भाडेकरू मालकांना सात दिवसांची लेखी सूचना देऊन ती रक्कम स्वतः महापालिकेत भरू शकेल आणि पुढील भाड्यातून, शास्तीसह, कापून घेऊ शकेल. दुकानाला सील लागण्याची किंवा ऐन ग्राहकांच्या वेळी दारात वसुलीचा बँड वाजण्याची वाट पाहायला भाडेकरू बांधलेला नाही. अशी कपात भाड्याची थकबाकी समजली जाणार नाही.

11.11 (ग) सोडून इतर कारणांनी भाडेकरूचा हिस्सा कोणत्याही एका वर्षी रुपये 30,000 च्या वर गेला, तर वरची रक्कम लगेच देय होणार नाही. मागणी मिळाल्यापासून 30 दिवसांत दोघांनी समक्ष बसून ती कशी वाटायची ते ठरवायचे. ठरले नाही तर कलम 3 मधील तीन वर्षांची बांधिलकी असूनही भाडेकरू तीन महिन्यांच्या नोटिशीने जागा सोडू शकेल. त्या तीन महिन्यांत त्याने रुपये 30,000 च्या मर्यादेतलाच हिस्सा द्यायचा.

11.12 कराचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि हा करार मे अखेर संपतो, म्हणून 2031-32 या वर्षासाठी भाडेकरूचा हिस्सा फक्त दोन महिन्यांचा, म्हणजे वर्षाच्या हिश्श्याचा सहावा भाग. आधी जागा सोडल्यास त्याच रीतीने महिन्यांवर. जागा सोडल्यानंतर वहिवाटीच्या काळाचे फरकाचे बिल आले, तर ते आल्यापासून 60 दिवसांत मागता येईल, पण जागा सोडून दोन वर्षे झाल्यानंतर नाही. या शंकेपोटी अनामत अडवून ठेवायची नाही. ताबा देण्याच्या दिवशी फेरआकारणीची नोटीस हातात असेल तरच मालक अनामतीतून जास्तीत जास्त रुपये 30,000 राखून ठेवू शकतील. तेही आकारणीचा निर्णय होईपर्यंत किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल तोवर.