विषय: क्वालिटी इंजिनिअर (वाळूज प्लान्ट) पदासाठीचा अर्ज मागे घेत आहे

स्वाती मॅडम,

नमस्कार.

वाळूज प्लान्टमधल्या क्वालिटी इंजिनिअर पदासाठी केलेला माझा अर्ज मी मागे घेत आहे. जालना एमआयडीसीतल्या एका स्टील प्लान्टची ऑफर मी काल स्वीकारली. त्यामुळे येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता प्लान्टवर ठरलेल्या दुसऱ्या फेरीला मी येणार नाही. ती वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून लगेच कळवतोय. क्वालिटी हेड सरांनाही कृपया माझा निरोप द्यावा. त्यांनी पहिल्या फेरीत मन लावून माझं काम ऐकून घेतलं होतं.

माझा डिप्लोमा मेटलर्जीचा. जालन्यात थेट लॅबचं काम आहे, बिलेटची स्पेक्ट्रोवर तपासणी आणि सळईची टेन्साइल टेस्ट. हेच काम मला बरेच दिवस करायचं होतं. शिवाय बदनापूरहून रोज घरून जाऊन-येऊन करता येईल. तुमच्याकडच्या कामात किंवा पगारात काही कमी वाटलं म्हणून हा निर्णय घेतलेला नाही, हे आवर्जून सांगतो.

मॅडम, तुमचे आभार मानायचेच आहेत. माझी सेकंड शिफ्ट आहे म्हटल्यावर तुम्ही पहिली फेरी सकाळी घ्यायला लावलीत, सुट्टी टाकावी लागली नाही. रेझ्युमेत मी नुसतं ‘इन्स्पेक्शन’ लिहिलं होतं. कोणते गेज वापरता, कॅलिब्रेशन कोण बघतं, रिजेक्शन आलं तर पुढे काय करता, असं एकेक विचारून तुम्ही ते नीट लिहून घेतलंत. आणि पगाराचं बोलणं निघालं तेव्हा कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरलेली असते, म्हणून हातात किती येणार ते वेगळं विचारायचं, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. जालन्याची ऑफर वाचताना मी आधी तेच विचारलं. फेरीनंतर निकालाला उशीर झाला, तेव्हाही तुमचा फोन आला. एवढं कुणी करत नाही. अर्ज करून महिनोन् महिने उत्तराची वाट पाहणारी आमच्याकडे खूप मुलं आहेत, म्हणून तुमच्या त्या एका फोनची किंमत मला कळते.

तुम्हाला पाठवलेल्या पगाराच्या स्लिपा आणि आधार कार्डची प्रत आता लागणार नाही, ती कृपया फाइलमधून काढून टाकावी. रेझ्युमे मात्र ठेवलात तरी माझी हरकत नाही.

माझा एक सहकारी सीएमएमवर काम करतो आणि वाळूजलाच राहतो. त्याला विचारूनच लिहितोय. जागा अजून भरायची असेल तर कळवा, तो स्वतः तुम्हाला रेझ्युमे पाठवेल.

पुन्हा एकदा मनापासून आभार.

आपला,
गणेश
बदनापूर, जि. जालना