आबांसाठी, लग्नाआधी

आबा, मी मीनू. दिसतेय ना नीट? सुमनताई, आबांच्या पाठीमागे अजून एक उशी द्या, आणि कानातलं मशीन लावलंय का तेवढं बघा. शिट्टी वाजत असेल तर ते नीट बसलेलं नाही, काढून पुन्हा बसवा. मग व्हिडिओ पहिल्यापासून लावा.

हां. आबा, मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसलेय, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर उजेड राहील आणि ओठ हलताना तुम्हाला दिसतील. पंखा बंद केलाय. मागे गाणंबिणं काही लावलेलं नाही, कारण दोन आवाज एकत्र आले की तुमच्या मशीनमध्ये नुसता गोंधळ होतो. बायकांचं बारीक आवाजातलं बोलणं निसटून जातं असं तुम्ही म्हणता ना, म्हणून आज जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलते. मोठ्याने ओरडणार नाही. दहा-बारा मिनिटांचं बोलणं आहे. दम लागला किंवा डोळे मिटायला लागले तर सुमनताई थांबवतील, उरलेलं उद्या बघा. हा व्हिडिओ तुमच्या टॅबमध्ये भरून ठेवलाय, त्याला नेट लागत नाही. हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा बघता येईल.

आधी ते अवघड बोलून टाकते.

तुम्ही लग्नाला येणार नाही, हे मी ठरवलं. बाबांनी नाही, काकांनी नाही, डॉक्टरांनीही नाही. डॉक्टरांनी फक्त काय काय होऊ शकतं ते सांगितलं. हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय, तेवढ्यावर घरातल्या घरात सांभाळून राहता येतं. पण सहा तासांचा प्रवास, वाटेत पाय लोंबकळत ठेवून बसणं, रात्री अनोळखी पलंगावर झोपणं, आणि मग शेकडो माणसांची गर्दी, त्यातले निम्मे खोकणारे. पाणी काढायची गोळी घेतलीत तर गाडी दर अर्ध्या तासाला थांबवायला लागेल, आणि नाही घेतलीत तर संध्याकाळपर्यंत छातीत पाणी साचेल. हे सगळं ऐकून बाबा गप्प बसले. तुम्हाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. मग मीच म्हटलं, आबा येणार नाहीत, मी त्यांना सांगते.

तुम्ही माझ्यावर रागावलात, फोनवर नुसतं हं हं करत राहिलात. रागावा, मला चालेल. फक्त मनात असं आणू नका की मी शब्द दिला होता आणि तो मोडला. तुम्ही शब्द मोडलेला नाही. मी तुम्हाला त्यातून मोकळं केलंय, कारण मला आबा लग्नानंतरही हवे आहेत. एका दिवसासाठी तुम्हाला आणायचं आणि पुढचे पंधरा दिवस दवाखान्यात ठेवायचं, अशी हौस मला नको.

तुमची उणीव मला भासणार आहे. ती भासणार नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते खरंही वाटणार नाही. हॉलमध्ये शिरल्यावर मी पहिल्यांदा तुम्हालाच शोधेन, कारण लहानपणापासून तीच सवय आहे. शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजवर गेले की आधी तुमचा पांढरा शर्ट शोधायची आणि तो दिसला की मगच तोंड उघडायची.

कुणीतरी सुचवलं की पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवू आणि तिच्यावर तुमचा फोटो ठेवू. त्यांचा हेतू चांगला होता. पण मी नको म्हटलं. खुर्चीवर फोटो गेलेल्या माणसाचा ठेवतात. माझे आबा आहेत. घरी आहेत, सकाळी उठून वजनाच्या काट्यावर उभे राहतात, वहीत आकडा लिहितात आणि सुमनताईंशी मिठावरून भांडतात. त्या खुर्चीवर काकू बसेल, तिचे गुडघे दुखतात.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही बाबांना म्हणालात की, "माझ्याकडून मीनूच्या लग्नात काहीच झालं नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटलं आबा, कारण ते खरं नाही. थांबा, दाखवते.

(पत्रिका कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही बघा. दिसतेय? अजून जवळ आणते. ही छापायला जायच्या आधी आम्ही सगळ्यांनी वाचली होती. मी वाचली, आईने वाचली, अनिकेतच्या घरी चार जणांनी वाचली, डिझाइन करणाऱ्या मुलीने वाचली. सगळ्यांनी नावं बघितली, पत्ता बघितला, छान आहे म्हणालो. मग ती तुमच्याकडे पाठवली. तुम्ही भिंग घेऊन बसलात आणि संध्याकाळी फोन केलात, "तारीख रविवारची आहे, वार शनिवार छापलाय." नुसतं एवढंच. आबा, निम्मे पाहुणे शनिवारी येऊन उभे राहिले असते! आमच्यापैकी कुणीही कॅलेंडर उघडून बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत, कारण छापखान्यात सगळा जन्म तुम्ही तेच केलंत. मजकूर एकदा अर्थासाठी वाचायचा आणि एकदा फक्त चुकांसाठी, आणि आकडा दिसला की त्यावर विश्वास ठेवायचा नाही, पडताळायचा.

मी चार-पाच वर्षांची असताना तुम्ही मला खिळ्यांच्या केसपुढे स्टुलावर बसवायचात. शेकडो खण होते, अख्खी अक्षरं वेगळी, अर्धी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काने-मात्रे वेगळे. तुम्ही न बघता हात घालायचात आणि हवा तोच खिळा बाहेर यायचा. आरशातल्यासारखी उलटी अक्षरं तुम्ही सरळ वाचायचात, ती मला जादूच वाटायची. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "तुझी लग्नपत्रिका मी माझ्या हातांनी जुळवणार." मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, छापखाना बंद झाला, खिळे वजनावर गेले. तुम्हाला ते वचन अपुरं राहिलं असं वाटतं, मला ठाऊक आहे. पण ही पत्रिका शेवटी तुमच्याच नजरेखालून गेली आणि तुम्ही हो म्हटल्यावरच छापली. ज्यांच्या ज्यांच्या घरी ती पोचलीय, त्यांच्याकडे तुमचं काम पोचलंय. मी सगळ्यांना सांगतेय, आणि अनिकेत तर माझ्याहून जास्त सांगतो. तो इथेच आहे. ये रे.

(अनिकेत शेजारी येऊन बसतो.)

"आबा, नमस्कार. मी अनिकेत. आवाज येतोय ना? मी मोठं भाषण करणार नाही. मागच्या वेळी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की मीनू चिडली की बोलत नाही, कामं करत सुटते, तेव्हा तिला समजवायला जाऊ नकोस, तिच्याबरोबर कामाला लाग. मी तसंच करतो. गेल्या महिन्यात तिने अख्खं कपाट रिकामं केलं, मीही बसलो घड्या घालायला. अर्ध्या तासाने स्वतःच बोलली. तुमचा सल्ला माझ्या उपयोगाला आला, आणि पुढेही येत राहील. आणखी एक, आबा. तिला मी एकटीला सगळं ओढू देणार नाही. हे मी तुम्हाला समोर बसून सांगायला येणारच आहे, पण आधी इथे सांगून ठेवतो. तुम्ही औषधं वेळेवर घ्या. बस, एवढंच."

त्याला कॅमेऱ्यापुढे बोलायला आवडत नाही आबा, तरी बोलला. कपाटाचं सांगायची गरज नव्हती खरं तर.

आता रविवारचं नीट सांगते. सकाळी साडेदहाला सुमनताई टॅबवर फोन लावतील. इकडे माझा मावसभाऊ स्टँडवर फोन लावून अगदी पुढे उभा असेल, त्याला दुसरं कुठलंच काम दिलेलं नाही. लग्न लागताना तुम्हाला सगळं दिसेल. पण हॉलमध्ये इतकी माणसं एकदम फोन वापरतात की नेट कधी अडकेल सांगता येत नाही. चित्र थांबलं तर इकडे काही झालंय असं समजून छातीत धडधड करून घेऊ नका. सगळं ठीकच असेल. तो वेगळं शूटिंगही करणार आहे, ते रात्रीपर्यंत तुमच्याकडे येईल. अर्धा तास बघा आणि आडवे व्हा. जेवण नेहमीच्या वेळीच. मीनूच्या लग्नाच्या दिवशी पथ्य कसलं, असं म्हणाल. तर त्या दिवशीही पथ्य. सोमवारी सकाळचा वजनाचा आकडा मी स्वतः फोन करून विचारणार आहे.

आणि बुधवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. लग्नातलेच कपडे घालून. शेजारीपाजारी कुणाला बोलवू नका, गर्दी नको. आई-बाबा मागाहून येतील, आधीचा सगळा वेळ फक्त आपला. तुम्ही दारापर्यंत यायचं नाही, खुर्चीतच बसायचं. आम्ही येऊन पाया पडतो.

आता तुमच्यासाठी एक काम. हे मला तुमच्याकडूनच हवंय, दुसऱ्या कुणाकडून चालणार नाही.

लग्न लागायच्या जरा आधी हॉलमध्ये तुमचा आवाज लावायचाय. बाबांनी स्पीकरवाल्याशी बोलून ठेवलंय. तुमचा आशीर्वाद, तुमच्या शब्दांत. लिहून वाचू नका, वाचताना तुम्ही चुका शोधायला लागता. दोन वाक्यं पुरेत. मध्ये दम लागला तर थांबा, खोकला आला तर येऊ द्या, आम्ही काही कापणार नाही. संध्याकाळी तुमचा आवाज बसतो, म्हणून उद्या सकाळी करा, वाफ घेऊन झाल्यावर, ऑक्सिजनची नळी लावलेली असली तरी चालेल. मशीनची घरघर ऐकू आली तर येऊ दे. बाबांना तुमचा आवाज ऐकून रडू येईल, आलं तर आलं.

सुमनताई, फोन आबांच्या तोंडापासून वीतभर लांब धरा, टीव्ही बंद करा आणि लाल बटण दाबल्यावर हाताने खूण करा. झालं की बाबांच्या नंबरवर पाठवा आणि पोचलं का ते फोन करून विचारा.

आबा, सुरुवात कशी करायची सुचलं नाही तर नुसतं "मीनू" म्हणा. पुढचं येईल.