अपूर्णांकांचा गुणाकार आणि भागाकार : सरावपत्रिकेची उत्तरे, कारणांसह

इयत्ता सहावी, गणित
तालुका औसा, जिल्हा लातूर

मुलांनो, आपली सोडवलेली पत्रिका शेजारी ठेवून हे वाचा. गुणाकार बहुतेकांचे बरोबर आहेत. भागाकाराची उत्तरंही बऱ्याच जणांची जुळली, पण ‘असं का केलं?’ याच्यापुढे जवळपास प्रत्येकाने ‘भाजक उलटा करायचा असतो म्हणून’ एवढंच लिहिलं आहे. ते कारण झालं नाही. म्हणून गुणाकार भराभर उरकू आणि भागाकारापाशी निवांत थांबू.

प्र. 1. पाऊण एकर रानापैकी 2/3 भागात तूर पेरली. तूर किती एकरात आहे?

2/3 × 3/4 = 6/12 = 1/2 एकर.

पडताळा गुंठ्यांत करा. एकर म्हणजे 40 गुंठे, पाऊण एकर म्हणजे 30. तीसचे तीन सारखे भाग केले तर एक भाग 10 गुंठ्यांचा, दोन भाग 20 गुंठ्यांचे. 20 गुंठे म्हणजे अर्धा एकर. ‘च्या पैकी इतका भाग’ असं गणितात आलं की गुणाकार करायचा.

प्र. 2. 5/8 × 4/15

अंशातला 5 आणि छेदातले 15 यांना पाचाने, 4 आणि 8 यांना चाराने आधीच भाग द्या. उरतं 1/2 × 1/3 = 1/6. आधी 20/120 करून मग संक्षिप्त रूप दिलं तरी चालतं, पण मोठ्या आकड्यांत हात चुकतो.

प्र. 3. 1 1/2 × 2 2/3

3/2 × 8/3 = 24/6 = 4. काहींनी 1 × 2 आणि 1/2 × 2/3 असं वेगवेगळं करून 2 1/3 उत्तर काढलं आहे. नुसता अंदाज घेतला तरी ते बसत नाही: 2 2/3 ची दीडपट 2 2/3 पेक्षा लहान कशी असेल? पूर्णांकयुक्त अपूर्णांक आधी अंशाधिक करूनच घ्या.

आता भागाकार.

प्र. 4. घाण्यावरून 3 लिटर करडईचं तेल आणलं. पावलिटरच्या किती बाटल्या भरतील?

3 ÷ 1/4 म्हणजे ‘3 मध्ये 1/4 किती वेळा मावतो?’ एका लिटरमध्ये पावलिटर चार वेळा मावतं. तीन लिटरमध्ये 3 × 4 = 12 वेळा. बाटल्या 12.

इथं ‘उलटा करा’ असं कुणीही सांगितलं नाही, तरी 1/4 ने भागताना आपण 4 ने गुणलं. भागाकाराचं उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं आलं म्हणून काहींनी ते खोडलं आहे. खोडू नका. माप लहान घेतलं की ते जास्त वेळा लागणारच.

प्र. 5. तेच 3 लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. बाटल्या किती?

सगळ्या पत्रिकेतलं हे सर्वांत महत्त्वाचं गणित. प्र. 4 मधल्या 12 बाटल्या समोर मांडल्या आहेत असं समजा. पाऊण लिटर म्हणजे तीन पावलिटर, म्हणजे एक मोठी बाटली भरायला तीन लहान बाटल्या ओताव्या लागतील. 12 ÷ 3 = 4. मोठ्या बाटल्या 4.

केलं काय ते सावकाश पाहा. आधी 4 ने गुणलं, कारण लिटरचे पाव केले. मग 3 ने भागलं, कारण तीन-तीन पाव एकत्र घेतले. 4 ने गुणणं आणि 3 ने भागणं, या दोन्ही क्रिया मिळून होतात 4/3 ने गुणणं:

3 ÷ 3/4 = 3 × 4/3 = 12/3 = 4

3/4 चा छेद 4 तुकडे किती बारीक ते सांगतो, म्हणून तो गुणायला येतो. अंश 3 एका वेळी किती तुकडे घ्यायचे ते सांगतो, म्हणून तो भागायला जातो. दोघांची जागा बदलते ती एवढ्याच कारणाने.

घरी आजी-आजोबांना पाऊणकी पाठ असेल तर त्यांना विचारा, पाऊण किती वेळा घेतलं की तीन होतात. ते वही न उघडता चार सांगतील.

प्र. 6. 1/2 ÷ 3/4

1/2 × 4/3 = 4/6 = 2/3. अर्धा लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटलीत ओतलं तर एक बाटलीसुद्धा भरणार नाही, तिचा 2/3 भाग भरेल: तीन पावांची बाटली, त्यात दोन पाव तेल. इथे काहींनी भाज्य उलटा केला: 2 × 3/4 = 1 1/2. म्हणजे अर्ध्या लिटरने दीड बाटली भरली! उलटा करायचा तो भाजक. माप तो आहे, तेल नव्हे.

प्र. 7. 7/8 ÷ 2/5

इथे बाटल्या मांडणं अवघड, म्हणून दुसरी वाट. 6 ÷ 2 आणि 60 ÷ 20 यांचं उत्तर एकच, 3. भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच संख्येने (शून्य सोडून) गुणलं तर भागाकार बदलत नाही. मग दोघांना अशा संख्येने गुणू की भाजक 1 होईल. 2/5 × 5/2 = 1, म्हणून 5/2 ने गुणू:

(7/8 × 5/2) ÷ (2/5 × 5/2) = (7/8 × 5/2) ÷ 1 = 35/16 = 2 3/16

1 ने भागून काहीच बदलत नाही, उरतो तो 7/8 × 5/2 हा गुणाकार. ज्या दोन संख्यांचा गुणाकार 1 येतो, त्या एकमेकींच्या गुणाकार व्यस्त. शून्याला कशानेही गुणलं तरी 1 येत नाही, म्हणून शून्याला व्यस्त नाही आणि शून्याने भागता येत नाही.

भाजक उलटा करून गुणायचा हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात तो दिला आहे. वेरूळचं कैलास लेणं कोरवणारं घराणं हेच.

प्र. 8. पाऊण एकरात साडेचार क्विंटल सोयाबीन झालं. त्याच उताऱ्याने एका एकरात किती?

4 1/2 ÷ 3/4 = 9/2 × 4/3 = 36/6 = 6 क्विंटल.

इथे ‘किती वेळा मावतं’ हा प्रश्नच नाही, तरी भागाकारच आहे. पाऊण एकर म्हणजे तीन पाव एकर. साडेचार क्विंटल तिघांत वाटा, एका पाव एकराला दीड क्विंटल येतं. पूर्ण एकरात पाव चार, म्हणून 4 × 1 1/2 = 6. पुन्हा 3 ने भागलं, 4 ने गुणलं. प्रश्नाचं रूप बदललं, क्रिया तीच राहिली.

प्र. 9. 5/6 ÷ 10

10 म्हणजे 10/1, व्यस्त 1/10. उत्तर 5/60 = 1/12. आणि 2 1/3 चा व्यस्त लिहिताना ‘2 3/1’ लिहू नका. आधी 7/3 करा, मग 3/7.

प्र. 10. मोटर 2/3 तासात हौदाचा अर्धा भाग भरते. (अ) एका तासात किती हौद भरेल? (आ) पूर्ण हौद भरायला किती वेळ?

(अ) 1/2 ÷ 2/3 = 1/2 × 3/2 = 3/4 हौद.

(आ) 2/3 ÷ 1/2 = 2/3 × 2 = 4/3 तास, म्हणजे 1 तास 20 मिनिटे.

दोन्हींत आकडे तेच, फक्त कुणाला कुणी भागायचं ते बदललं. कशाला ‘एक’ करायचं आहे ते पाहा, त्याच्याच आकड्याने भागा. (अ) मध्ये एक तास हवा, म्हणून तासांनी भागलं. (आ) मध्ये एक हौद हवा, म्हणून हौदाच्या भागाने. 3/4 आणि 4/3 ही उत्तरं एकमेकांची व्यस्त का आली, ते वहीत दोन ओळींत लिहून आणा. लाइट एकच तास राहणार असेल तर हौदाचा किती भाग रिकामा राहील, तेही त्याखाली काढा.