सर्जिकल नर्सिंग सराव प्रश्न: आयसीडी आणि वॉटर सील

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला ३४ वर्षांचा यंत्रमाग कामगार दुचाकीवरून पडला. उजव्या बरगड्या मोडून न्यूमोथोरॅक्स झाला, काल रात्री आयसीडी टाकली. सकाळी मेल सर्जिकल वॉर्डात तुमची ड्युटी आहे.

प्रश्न १. पेशंट खोकला की वॉटर सीलमध्ये बुडबुडे येतात, शांत पडला की थांबतात. श्वासाबरोबर काचनळीतलं पाणी वर-खाली होतं. काय कराल?

उत्तर: नोंद करा, लक्ष ठेवा. छातीतली हवा बाहेर पडतेय, म्हणजे नळी काम करतेय. पाणी हलायचं थांबलं तर मात्र दोन शक्यता: फुफ्फुस पूर्ण फुगलं किंवा नळी पिळली, तुंबली. आधी नळी पाहा, मग स्टेथोस्कोप लावा.

प्रश्न २. दुपारी त्याच बाटलीत एकसारखे, न थांबता बुडबुडे येऊ लागले. पहिली कृती कोणती?

उत्तर: छातीपासून बाटलीपर्यंत प्रत्येक जोड हाताने तपासा. सैल जोड घट्ट करून टेप लावा. तरीही थांबले नाहीत तर डॉक्टरांना कळवा. सक्शनच्या कप्प्यातले संथ बुडबुडे वेगळे, ते नॉर्मल आहेत. प्रश्नात कोणता कप्पा लिहिलाय ते नीट वाचा. बहुतेक मुलींचा मार्क इथेच जातो.

प्रश्न ३. पेशंट कुशीवर वळला आणि नळी बाटलीपासून निसटली. टोक फरशीवर पडलंय. नातेवाईक ओरडतोय, "ओ सिस्टर, नळी सुटली बघा!" सर्वांत आधी काय?
अ) आर्टरी फोर्सेप्सने क्लॅम्प करून डॉक्टरांची वाट पाहणे
ब) नळीचं टोक स्टराइल पाण्यात २ ते ४ सेंमी बुडवणे
क) तेच टोक लगेच बाटलीला जोडणे
ड) छातीवर व्हॅसलीन गॉज लावणे

उत्तर: ब.

'अ' कडे हात जातो, कारण खाटेशेजारी फोर्सेप्स टांगलेले असतात. पण याच्या फुफ्फुसातून अजून हवा गळतेय. क्लॅम्प लावून ठेवलात तर ती आतच साठेल आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्स होईल: श्वासनलिका डावीकडे सरकते, मानेच्या शिरा फुगतात, बीपी घसरतं. पाण्यात बुडवलेलं टोक हवा बाहेर जाऊ देतं, आत येऊ देत नाही. म्हणजे वॉटर सील पुन्हा तयार झालं. म्हणून स्टराइल पाण्याची बाटली प्रत्येक आयसीडी पेशंटच्या खाटेशी हवीच, ड्युटी घेतानाच बघून घ्या. क्लॅम्प लागतो तो बाटली बदलताना, क्षणभर. 'क' मध्ये फरशीवरचे जंतू आत जातील.

टोक बुडवल्यावर मदतीला हाक मारा, नवा स्टराइल सेट जोडा, बाटली छातीच्या पातळीखाली ठेवा. श्वासाचा वेग आणि एसपीओटू बघा, डॉक्टरांना कळवा, वेळेसह नोंद करा.

प्रश्न ४. नळी छातीतूनच निघून आली तर?

उत्तर: आता 'ड' बरोबर. ग्लोव्हजच्या हाताने जखम लगेच दाबा, व्हॅसलीन गॉज लावून टेप तीन बाजूंनीच चिकटवा. चौथी बाजू मोकळी ठेवायची ती साठलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून.